मालाचं वजन कळलं, पण तो ठेवायचा कुठे?

वजनकाट्यावरून ट्रक उतरला की हातात एक छोटी पावती येते. तिच्यावर रिकाम्या गाडीचं वजन, भरलेल्या गाडीचं वजन आणि त्यातली वजाबाकी म्हणजे मालाचं वजन, असे तीन आकडे असतात. मालक, ड्रायव्हर आणि माल पाठवणारा या तिघांचंही त्या पावतीवर समाधान होतं. पण ट्रक चालतो चाकांवर, आणि कोणत्या चाकांवर किती भार पडला हे ती पावती सांगत नाही. एकूण वजन नियमात बसत असूनही गाडी एका टोकाला धोकादायक जड आणि दुसऱ्या टोकाला धोकादायक हलकी असू शकते. हे सगळं ठरतं माल हौद्यात कुठे ठेवला यावर.

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या डिस्पॅच विभागात काम करतो. ओतीव लोखंडाचा माल आकाराने छोटा आणि वजनाने प्रचंड असतो. कापसाच्या गाठी किंवा फर्निचर भरलं की हौदा आपोआप सगळीकडे भरतो, त्यामुळे कुठे ठेवायचं हा प्रश्नच फारसा येत नाही. आमच्याकडे आठ टन माल हौद्याच्या एका कोपऱ्यात मावतो, आणि मग जागेची निवड आपल्यालाच करावी लागते. आपल्या मंडळातली बरीच मुलं इंजिनीअरिंगला आहेत, काहींच्या घरी ट्रान्सपोर्टचा किंवा कारखान्याचा व्यवसाय आहे. त्यांना हा हिशोब नक्की उपयोगी पडेल, आणि तो करायला अकरावीचं गणितसुद्धा लागत नाही.

बांबूला टांगलेला हंडा

दोन माणसं खांद्यावर बांबू घेऊन चालली आहेत आणि बांबूला पाण्याचा हंडा टांगला आहे अशी कल्पना करा. हंडा बरोबर मध्ये असेल तर दोघांवर निम्मा निम्मा भार येतो. तो मागच्या माणसाकडे सरकवला की मागच्याचा खांदा दुखायला लागतो आणि पुढच्याला हायसं वाटतं. हंडा थेट मागच्याच्या खांद्याखाली आला, तर सगळा भार त्याच्यावर येतो आणि पुढच्यावर काहीच राहत नाही.

आता बांबू मागच्या माणसाच्या खांद्यापलीकडे हातभर बाहेर आला आहे, आणि हंडा त्या बाहेरच्या टोकाला टांगला आहे. इथे खरी गंमत होते. मागच्यावर हंड्याच्या वजनापेक्षाही जास्त भार येतो, आणि पुढच्या माणसाला बांबू खांद्यावरून वर उडू नये म्हणून हाताने खाली दाबून धरावा लागतो.

ट्रक म्हणजे हाच बांबू. पुढचा आणि मागचा ॲक्सल ही ती दोन माणसं. त्यांच्यामधलं अंतर म्हणजे व्हीलबेस. पुस्तकात ज्याला ‘प्रतिक्रिया’ म्हणतात, ती म्हणजे जमिनीने चाकांना खालून दिलेला आधार; बांबूच्या उदाहरणात तो खांद्याने दिलेला आधार होता. मागच्या चाकांच्या पलीकडे हौद्याचा जो भाग उरतो, तो म्हणजे बांबूचं बाहेर आलेलं टोक. हा भाग किती लांब असावा याला आपल्याकडे नियम आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे तो व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये.

एक ट्रक, आकड्यांसकट

हिशोबासाठी एक नेहमीचा दोन ॲक्सलचा, सहा चाकी ट्रक घेऊ: पुढे दोन चाकं, मागे चार. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत, पण ते अशा गाड्यांच्या जवळपासचे आहेत.

व्हीलबेस ४.८ मीटर. हौदा ६ मीटर लांब, आणि तो पुढच्या ॲक्सलच्या मागे ०.६ मीटरवर सुरू होतो. म्हणजे मागच्या ॲक्सलच्या पलीकडे १.८ मीटर हौदा उरतो. रिकाम्या गाडीचं वजन ६ टन, त्यातले ३.५ टन पुढच्या ॲक्सलवर आणि २.५ टन मागच्या. इंजिन आणि केबिन पुढे असल्यामुळे रिकामी गाडी पुढे जड असते.

मर्यादा कोणत्या? केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये भाराच्या मर्यादा वाढवल्या. चार टायरच्या एकेरी ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली, आणि अशा दोन ॲक्सलच्या ट्रकची एकूण मर्यादा १६.२ वरून १८.५ टन झाली. १८.५ मधून मागचे ११.५ वजा केले की पुढच्या ॲक्सलच्या वाट्याला ७ टन राहतात. आपल्या हिशोबात पुढे ७ आणि मागे ११.५ हे दोन आकडे लक्षात ठेवू.

आता एकच सूत्र लागतं. मालाचं केंद्र पुढच्या ॲक्सलपासून किती मागे आहे ते मोजा, त्याला व्हीलबेसने भागा. मालाच्या वजनाचा तेवढा हिस्सा मागच्या ॲक्सलवर जातो, उरलेला पुढच्या. मालाचं केंद्र म्हणजे ज्या एका बिंदूवर सगळा माल टांगला तर तो तोलून राहील तो बिंदू. एकसारखा माल असेल तर त्याच्या लांबीचा मध्य.

चार काउंटरवेट, तीन जागा

जेसीबी किंवा क्रेनच्या मागे तोल सांभाळायला लोखंडाचे जे भरीव ठोकळे लावतात, त्यांना काउंटरवेट म्हणतात. समजा प्रत्येकी दोन टनांचे चार ठोकळे पुण्याला पाठवायचे आहेत. एकूण माल ८ टन, गाडीसकट १४ टन. १८.५ ची परवानगी असताना १४ टन, म्हणजे काट्याची पावती बघून कोणीही निर्धास्त होईल.

पहिली जागा. हमाल म्हणतात, माल केबिनच्या भिंतीला टेकवून ठेवू, म्हणजे ब्रेक मारला तरी पुढे सरकणार नाही. विचार चांगला आहे. पण चारही ठोकळे तिथे रचले तर मालाचं केंद्र पुढच्या ॲक्सलपासून जेमतेम १.२ मीटरवर येतं. १.२ भागिले ४.८ म्हणजे पाव. आठ टनांपैकी पाव हिस्सा, २ टन, मागे गेला आणि ६ टन पुढे. पुढच्या ॲक्सलवर एकूण ९.५ टन झाले. मर्यादा ७ ची, म्हणजे अडीच टन जास्त! मागच्या ॲक्सलवर मात्र फक्त साडेचार टन. ही गाडी उतारावर ब्रेक मारताना बघा. पुढच्या टायरवर आधीच जास्त असलेला भार ब्रेकमुळे आणखी वाढतो, आणि मागची हलकी चाकं लवकर जाम होऊन घसरायला लागतात. पावतीवरचा १४ टनांचा आकडा यातलं काहीच दाखवत नाही.

दुसरी जागा. ठोकळे हौद्याच्या मध्यावर, म्हणजे पुढच्या ॲक्सलपासून ३.६ मीटरवर. आता पाऊण हिस्सा मागे: ६ टन मागे, २ टन पुढे. ॲक्सलवर पुढे ५.५ आणि मागे ८.५. दोन्हीकडे मर्यादेच्या आत.

तिसरी जागा. हायड्रा क्रेनवाल्याला सगळ्यात सोपं पडतं ते फाळक्याजवळ ठेवणं. बूम आत घालावा लागत नाही, आणि पुण्यात उतरवतानाही चटकन उचलता येतं. एकदा आमच्या आवारात अशीच गाडी भरली गेली. केंद्र मागच्या ॲक्सलच्या पलीकडे १.२ मीटर, म्हणजे पुढच्या ॲक्सलपासून ६ मीटरवर. गाडी गेटपर्यंत गेली आणि थांबली. ड्रायव्हर मामा खाली उतरून म्हणाले, “साहेब, गाडी पुढनं हलकी झालीया. ष्टेरिंग लोण्यागत फिरतंय. असली गाडी घेऊन मी घाटात जात न्हाई.”

क्रेनवाल्याला पुन्हा माल उचलायचा नव्हता. गाडीत जागा आहे, वजन कमी आहे, मग अडचण काय, असं त्याचं म्हणणं. मामांच्या हाताला जे कळलं होतं ते मी कागदावर मांडून दाखवलं. ६ भागिले ४.८ म्हणजे सव्वा. आठ टनांच्या मालाने मागच्या ॲक्सलवर टाकले १० टन! हे दोन टन जास्तीचे कुठून आले? पुढच्या ॲक्सलवरून उचलून आणले. मागे झाले १२.५ टन, मर्यादेपेक्षा एक टन जास्त. पुढे राहिले ३.५ वजा २, म्हणजे फक्त दीड टन. म्हणजे रिकाम्या गाडीच्या पुढच्या चाकांवर जेवढा भार असतो त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि गाडी मात्र चौदा टनांची.

आता चढाचा परिणाम बघू. दर दहा मीटरला एक मीटर चढणारा रस्ता असेल आणि गाडीचं व मालाचं मिळून केंद्र जमिनीपासून १.३ मीटर उंच असेल, तर आणखी सुमारे ३८० किलो भार पुढून मागे जातो. पुढे उरतात अकराशे किलो. त्यातच ड्रायव्हरने गिअर टाकून जोर दिला की पुढचा भार आणखी कमी होतो आणि हजार किलोच्या खाली जातो. चौदा टनांची गाडी वळवायला जमिनीवर दोन टायरचा एवढासाच दाब. ओल्या रस्त्यावर वळण आलं तर ड्रायव्हर स्टिअरिंग फिरवील, चाकं वळतील, आणि गाडी सरळच जाईल. निपाणीजवळच्या तवंदी घाटातून रात्रीच्या पावसात जाणारी अशी गाडी समोरून यावी असं कोणालाच वाटणार नाही.

म्हणूनच स्टिअरिंग टिकवण्यासाठी पुढच्या ॲक्सलवर एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा, शक्यतो चौथा, असावा असं धरतात. चौदा टनांचा चौथा हिस्सा साडेतीन टन. म्हणजे आपल्या गाडीत मालाचं केंद्र मागच्या ॲक्सलच्या पलीकडे जाऊच नये. चारही ठोकळे मध्यावर घेऊन, खाली लाकडी ठोकळे ठोकून, साखळदंडाने बांधूनच मामा निघाले. ही बांधणी महत्त्वाची, कारण एवढा माल वाटेत नुसता ३० सेंटिमीटर मागे घसरला तरी अर्धा टन भार एका ॲक्सलवरून दुसऱ्यावर जातो.

गाडी उलटायची वेळ कधी येते?

मग पुढची चाकं जमिनीवरून सुटणार कधी? याचा हिशोब मला एका पुंजीसारखा वाटतो. रिकाम्या गाडीच्या पुढच्या ॲक्सलवरचं वजन आणि व्हीलबेस यांचा गुणाकार करा: ३.५ गुणिले ४.८, बरोबर १६.८ टन-मीटर. ही गाडीची पुंजी. मागच्या ॲक्सलच्या पलीकडे ठेवलेला माल ती खर्च करतो. मालाचं वजन आणि मागच्या ॲक्सलपासून त्याच्या केंद्राचं अंतर, यांचा गुणाकार म्हणजे खर्च. खर्च पुंजीएवढा झाला की पुढच्या चाकांखालचा आधार शून्य होतो. त्याच्या पुढे एक किलो जरी टाकला, तरी गाडी मागच्या चाकांवर कलंडायला लागते.

आपले आठ टन १.२ मीटरवर होते, म्हणजे खर्च ९.६. पुंजी अजून शिल्लक होती, म्हणून गाडी उभी राहिली. आठ टनांनी ही गाडी कलंडायला केंद्र २.१ मीटर मागे जावं लागेल, आणि हौदा तर १.८ मीटरलाच संपतो. म्हणजे हौद्यात मावणारा ८ टनांचा माल सपाट जमिनीवर या गाडीला उलटवू शकत नाही. दहा टनांना मात्र १.६८ मीटर पुरतात, आणि बारा टनांना १.४ मीटर.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. चाकं उचलली गेली नाहीत म्हणजे सगळं ठीक, असं मुळीच नाही. उलटण्याची मर्यादा फार लांब असते. स्टिअरिंग जाण्याची मर्यादा तिच्या खूप आधी येते. आणि १६.८ चा हिशोब सपाट जमिनीवर उभ्या गाडीचा आहे. चढावर, खड्ड्यात, गतिरोधकावर ही पुंजी आधीच थोडी खर्च झालेली असते.

लांब मालात मात्र उलटण्याची मर्यादा झपाट्याने जवळ येते. बांधकामाची सळई कारखान्यातून साधारण १२ मीटर लांब येते. ती सरळ या सहा मीटरच्या हौद्यात ठेवली, पुढचं टोक केबिनच्या भिंतीला टेकवून, तर तिचं केंद्र नेमकं फाळक्याच्या जागी येतं, मागच्या ॲक्सलपासून १.८ मीटरवर. १६.८ ला १.८ ने भागा: ९.३३. म्हणजे नऊ टन तीनशे किलो सळई भरली की पुढची चाकं सुटतात. बारा टन वाहणाऱ्या गाडीला साडेनऊ टनही झेपत नाहीत, आणि त्याच्या खूप आधी ती चालवण्यालायक राहत नाही. मागे असा माल बाहेर काढून नेणं नियमातही बसत नाही. छोट्या गाड्यांत सळई मधोमध दुमडून, केसांच्या पिनेसारखी करून भरलेली तुम्ही पाहिली असेल. लांबी हौद्यात बसवणं हा तर हेतू असतोच, पण त्यामुळे वजनाचं केंद्रही पुन्हा हौद्याच्या मध्याकडे येतं.

आणि ज्या छोट्या मालवाहू गाड्यांचे पुढची चाकं हवेत असलेले व्हिडिओ मोबाइलवर फिरतात, त्यांची पुंजीच लहान असते. पुढे अर्धा टन वजन आणि दोन मीटर व्हीलबेस असेल, तर पुंजी एक टन-मीटर. मागच्या चाकांच्या मागे एक मीटरवर एक टन आला की संपली. पाइप, सळ्या, पत्रे मागे काढून नेताना एवढं सहज होतं.

माल उतरवला आणि ॲक्सल जड झाला

या विषयात मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ही, कारण ती पहिल्यांदा ऐकताना कोणालाच पटत नाही.

आता पेट्यांमध्ये भरलेला १२ टन माल घेऊ, हौद्यात सगळीकडे सारखा पसरलेला. प्रत्येक मीटरला दोन टन. केंद्र हौद्याच्या मध्यावर, म्हणून ९ टन मागे आणि ३ टन पुढे. ॲक्सलवर मागे ११.५ आणि पुढे ६.५, एकूण १८ टन. सगळं मर्यादेत, अगदी काठावर.

ही गाडी कोल्हापूरला थोडा माल देऊन पुढे पुण्याला जाणार आहे. फाळका मागे, म्हणून कोल्हापूरचा माल मागे भरला. तिथे मागचा १.८ मीटर भाग रिकामा झाला, म्हणजे ३.६ टन उतरले. गाडी आता १४.४ टनांची. ड्रायव्हरला वाटतं, ओझं कमी झालं.

पण उतरलेला तो सगळा माल मागच्या ॲक्सलच्या पलीकडे होता. त्याचं केंद्र ०.९ मीटर मागे होतं, म्हणजे तो पुढचा ॲक्सल वर उचलून धरत होता: ३.६ गुणिले ०.९ भागिले ४.८, सुमारे ६७५ किलो. तो उतरला आणि हे ६७५ किलो पुन्हा पुढच्या ॲक्सलवर आले. ६.५ चे झाले जवळपास ७.२ टन. मर्यादा ७ ची. पूर्ण भरलेली गाडी नियमात होती, आणि साडेतीन टन माल उतरवल्यावर ती नियमाबाहेर गेली! बांबूच्या बाहेरच्या टोकाचा हंडा काढला की पुढच्या माणसाचा खांदा पुन्हा दबतो, तसंच हे.

उपाय अवघड नाही. पहिल्या थांब्यावर मागचा माल उतरल्यावर, भिंतीलगतचा एखादा टन मागच्या ॲक्सलच्या वर आणून बांधला की पुढचा भार पुन्हा मर्यादेत येतो. पुढच्या ॲक्सलपासून १.२ मीटरवरचा एक टन ४.८ मीटरवर नेला, तर पुढचा भार पाऊण टनाने कमी होतो. हमालांचं वीस-पंचवीस मिनिटांचं काम. पण ते करायला हवं हे आधी कोणाला तरी सुचलं पाहिजे.

याच्या उलट प्रकारही लक्षात ठेवावा. जड माल फाळक्याकडे आणि हलका माल पुढे असेल, आणि बाजूचा फाळका उघडून पुढचा माल आधी उतरवला, तर पुढे दाबून धरणारा भार निघून जातो आणि शेपटीकडचा माल पुंजी खायला मोकळा होतो. क्रेनने माल उतरवताना उभी गाडी मागे कलंडते ती बहुधा याच क्रमामुळे.

जास्त माल, कमी मोकळीक

आता आठ टन आणि बारा टन यांची तुलना करा. आठ टनांसाठी मालाचं केंद्र केबिनच्या भिंतीपासून किमान २.१ मीटर मागे हवं, नाहीतर पुढचा ॲक्सल ७ टनांच्या वर जातो. आणि ४.२ मीटरच्या पलीकडे जाऊ नये, नाहीतर पुढचा चौथा हिस्सा राहत नाही. म्हणजे मधला तब्बल २.१ मीटरचा पट्टा चालतो.

बारा टनांसाठी हाच हिशोब केला तर पुढची हद्द येते २.८ मीटरवर आणि मागची ३ मीटरवर. चालणारा पट्टा फक्त २० सेंटिमीटरचा, वीतभरसुद्धा नाही. बारा टन माल १० सेंटिमीटर सरकला की २५० किलो एका ॲक्सलवरून दुसऱ्यावर जातात. हौदा पूर्ण आणि सारखा भरला तर केंद्र नेमकं ३ मीटरवर, म्हणजे पट्ट्याच्या अगदी मागच्या काठावर येतं. फाळक्याकडे दोन पेट्या जास्त रचल्या की मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर. एकूण वजन मात्र अजूनही १८ टनच.

गाडी जेवढी भरत जावी तेवढी ही जागा आक्रसत जाते, आणि आपण मात्र उलट वागतो. अर्धी गाडी भरताना कुठे ठेवू असा विचार करतो, आणि पूर्ण भरताना “बसेल तिथे टाका” म्हणतो.

काट्यावर पाच मिनिटं जास्त

स्वतःच्या गाडीचे आकडे काढणं सोपं आहे. गाडी रिकामी असताना वजनकाट्यावर आधी फक्त पुढची चाकं घ्या आणि वजन बघा. मग पूर्ण गाडी घ्या. वजाबाकी केली की मागच्या ॲक्सलचा भार मिळतो. काट्याचा पत्रा आणि त्याच्या आधीचा रस्ता एका पातळीत असला पाहिजे, नाहीतर गाडी तिरपी राहते आणि आकडा चुकतो. वजन घेताना गाडी पूर्ण थांबलेली आणि ब्रेक सोडलेला असावा. ब्रेक दाबलेला असला की चाकं जमिनीला ताणून धरतात आणि आकडा फसवतो. टेपने व्हीलबेस मोजा, आणि हौद्याची भिंत पुढच्या ॲक्सलपासून किती मागे आहे तेही मोजा. एवढ्या चार आकड्यांवर वरचा सगळा हिशोब उभा राहतो. माल भरल्यावरही निघताना पुढच्या चाकांचं वेगळं वजन घ्यावं. काटेवाला थोडी कुरकुर करतो, पण बहुतेक जण करून देतात.

आमच्या नेहमीच्या दोन गाड्यांच्या हौद्याला आतून पिवळ्या रंगाच्या रेघा मारल्या आहेत: आठ टनांचं केंद्र या दोन रेघांच्या मध्ये, दहा टनांचं त्या दोन रेघांच्या मध्ये. क्रेनवाल्याला सूत्र सांगावं लागत नाही, तो रेघ बघून बूम थांबवतो.

काटा जवळ नसेल तेव्हा गाडी स्वतःच काही खुणा देते. स्टिअरिंग अचानक हलकं लागणं, वळणावर गाडी उशिरा वळणं, रात्री हेडलाइटचा झोत रस्ता सोडून वर झाडांत जाणं, समोरच्या गाड्यांनी सारखं डिपर मारणं, ही पुढचा भार कमी झाल्याची लक्षणं. स्टिअरिंग जड होणं, पुढचे टायर फुगीर दिसणं आणि हाताला जास्त गरम लागणं, ही पुढचा भार वाढल्याची. मागचे पाटे सरळ होऊन उलटे वाकायला लागले, तर मागचा ॲक्सल दबला आहे. यातली पहिली लक्षणं ड्रायव्हरला गेटपर्यंत जातानाच कळतात, म्हणून तो थांबून काही सांगत असेल तर क्रेन परत पाठवायच्या आधी त्याचं ऐकून घ्यावं. माल पुन्हा उचलून मध्यावर ठेवायला आमच्याकडे अर्धा तास लागतो.